भ्यालेल्या कुत्र्याला चपाती, रडणाऱ्या पोराला चॉकलेट: दोन्ही एकच का?

वहीवाली आई
घरात सध्या दोन भांडणं चालू आहेत आणि दोन्हींत एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सासरे.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. घरी टिप्या आहे, गावठीच कुत्रा, चार वर्षांचा. मार्चमध्ये कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, डाळ थेट छताला, आणि टिप्या नेमका ओट्याखाली झोपलेला. कोणाला काही लागलं नाही. पण त्या दिवसापासून कुकरची शिट्टी झाली की त्याचे कान मागे, शेपूट पायात आणि स्वारी आतल्या खोलीत कॉटखाली. अंग थरथरत असतं. मी तिथं जाऊन दुधातली चपाती देते, पाठीवरून हात फिरवते. सासऱ्यांचं म्हणणं, "भ्यालं की खायला घालतीस, म्हणून ते भितंय. भ्यायची सवय तूच लावतीस."

दुसरं भांडण मुलावरून. तिसरीत आहे. संध्याकाळी सातला गणिताची वही निघाली की डोळ्यांत पाणी, मग पोटात दुखतं, मग भोकाड. मी म्हटलं, एक पान पूर्ण केलंस की पाच रुपयांचं चॉकलेट. आठवडाभर झकास चाललं. आता तो वही काढायच्या आधीच रडतो आणि म्हणतो, आधी चॉकलेट दे, मग गप्प बसतो. आणि मी देते, कारण भिंतीपलीकडं आजारी आजी आहेत, आरडाओरडा नको. सासरे म्हणतात, "दोन्हीकडं तू एकच चूक करतीस."

नवरा म्हणतो हे पावलॉवचं कुत्रं आहे आणि पेपर वाचायला लागतो. कोणीतरी नीट सांगेल का?

निवांत भडंग
नवऱ्याचं बरोबर आहे. पावलॉवने घंटा वाजवली, कुत्र्याने लाळ गाळली, त्याबद्दल बक्षीस म्हणून मांस दिलं, कुत्रं शिकलं. ज्याला बक्षीस मिळतं ते वाढतं. भीतीला बक्षीस दिलं तर भीती वाढणार, रडण्याला दिलं तर रडणं वाढणार. सासऱ्यांना दोनपैकी दोन.

पिंट्याचे बाबा
ताई, आमचा लॅब्रॅडॉर पण गेटपाशी फार भुंकतो. कोणतं बिस्किट चांगलं? आमच्याकडं तासगावचे बेदाणे भरपूर असतात, ते दिले तर चालतील का ट्रेनिंगला?

प्रयोगवही
बाबा, आधी तुम्हाला, कारण ते तातडीचं आहे. बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्याला अजिबात देऊ नका, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चॉकलेटही नको. मुलाच्या हातातलं टिप्याच्या तोंडात जात नाही ना, एवढं वहीवाल्या ताईंनीही बघावं. बाकी भुंकण्याचा धागा वेगळा काढा.

आता मूळ प्रश्न. मी कॉलेजात मानसशास्त्राची प्रात्यक्षिकं बरीच वर्षं घेतली, आणि भडंग यांनी केलेली गल्लत दर वर्षी निम्मा वर्ग करायचा. पावलॉवच्या कुत्र्याला लाळ गाळल्याबद्दल मांस मिळत नव्हतं. मांसाची पूड येणारच होती, लाळ आली काय, न आली काय. कुत्र्याने काहीही केलं असतं, अगदी झोपलं असतं, तरी मेट्रोनोमची टकटक झाल्यावर पूड आलीच असती. (घंटा गोष्टीत जास्त वाजते, प्रयोगशाळेत तो मेट्रोनोम आणि तसलीच इतर साधनं जास्त वापरायचा. तो मूळचा पचनाचा अभ्यासक. 1904 चं नोबेलही त्याला पचनावरच्या कामासाठी मिळालं.) कुत्रं तिथं काय शिकलं? "मी अमुक केलं तर मांस मिळतं" हे नाही. "टकटक झाली, आता मांस येतंय" एवढंच. लाळ ही त्या बातमीवर शरीराने केलेली तयारी.

थॉर्नडाइकची मांजरं वेगळी. त्याने 1898 मध्ये भुकेल्या मांजराला लाकडी पिंजऱ्यात कोंडलं, मासा बाहेर ठेवला. दोरी ओढली किंवा फळी दाबली तरच दार उघडे. मांजर आधी ओरबाडे, चावे, धडपडे, आणि चुकून कधीतरी दोरी ओढली जाई. पुढच्या वेळी थोडं लवकर, त्याच्या पुढच्या वेळी आणखी लवकर. इथं काहीच न करणारं मांजर उपाशी राहतं. पुढे स्किनरने उंदीर-कबुतरांवर बसवलं ते याच जातीचं.

म्हणून तुमच्या दोन भांडणांत सासऱ्यांना एकच गुण. मुलाच्या बाबतीत ते बरोबर आहेत. टिप्याच्या बाबतीत चूक.

निवांत भडंग
घंटेवरून माझा एक मार्क कापला हे मान्य. पण कुत्रं भ्यालं आणि चपाती मिळाली, पोरगं रडलं आणि चॉकलेट मिळालं. दोन्हीत आधी ते, मग हे. फरक नुसता तुमच्या डोक्यात नाही ना?

प्रयोगवही
चांगला प्रश्न आहे. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून तर लोक फसतात. फरक ओळखायचा तर नियम उलटा करून बघायचा: ती गोष्ट केली तर खाऊ रद्द.

शेफील्ड नावाच्या संशोधकाने हे लाळेवर केलं, 1965 चं काम आहे. सूर वाजतो, मग अन्न येतं. पण सूर चालू असताना लाळ गाळलीस तर अन्न नाही. तोंड कोरडं ठेव, मग मिळेल. लाळ जर कमाई असती, तर कुत्र्याने ती थांबवली असती. शेकडो वेळा करूनही त्याला ते नीट जमलं नाही. सूर आला की लाळ येतेच, आणि तिच्यामुळे हातातलं अन्न जातं. तोट्याचा सौदा आहे हे दिसतंय तरी थांबत नाही.

आता हाच नियम तुमच्या मुलाला लावा. "रडलास तर आज चॉकलेट नाही, न रडता वही काढलीस तर आहे", आणि खरंच त्याला चिकटून राहा. काही दिवसांत रडणं कमी होईल, निदान त्यातलं चॉकलेटसाठीचं. टिप्याला हा नियम लावा: थरथरलास तर चपाती नाही. थरथर थांबणार नाही. छातीतली धडधड कोणी चपातीसाठी करत नसतं. म्हणून भ्यालेल्या कुत्र्याला खायला देऊन भीती "पक्की" होत नाही.

बीए दुसरं वर्ष
मॅडम, म्हणजे टिप्याचं अभिजात अभिसंधान आणि मुलाचं साधक अभिसंधान. आणि मुलाला ओरडलं तर ते नकारात्मक प्रबलन, बरोबर ना? परवा पेपर आहे.

प्रयोगवही
पहिलं अर्धं बरोबर आहे, दुसरं पेपरात लिहू नका. ओरडणं ही शिक्षा, तिनं वागणं कमी होतं. नकारात्मक प्रबलन म्हणजे नको असलेलं काहीतरी दूर होतं आणि त्यामुळे वागणं वाढतं. पावसात छत्री उघडतो ते. ताईंच्या घरी ते चालू आहेच, फक्त कोणाच्या लक्षात आलेलं नाही. ताई, मला दोन गोष्टी सांगा. पोटात दुखायला लागलं की वहीचं काय होतं? आणि चपाती नेमकी कधी देता, शिट्टीच्या आधी की नंतर?

कोरेगावकर
मधीच बोलतो, माफ करा. मी शिकलेला न्हाई तेवढा, पण हे सगळं गोठ्यात रोज बघतो. आमच्या म्हशीला बादलीचा आवाज आला की ती पान्हा सोडते. कासेला हात लावायच्या आत सडांतून थेंब येतात. ते तुमच्या लाळेसारखं. आणि तीच म्हैस नवा गडी धारेला बसला की लाथ झाडते, गडी पळतो. आता ती गडी दिसला की लाथ झाडायलाच बघते. ते मांजरासारखं. एकच जनावर, दोन्ही करतंय.

फक्त एक शंका. पेंड न्हाई घातली तर म्हैस पान्हा चोरते. म्हणजे पान्हा पण पेंडीसाठीच सोडते की. मग तो कमाईच झाला ना?

प्रयोगवही
काका, वर्गात वर्षानुवर्षं मी कुत्र्या-मांजरांची चित्रं दाखवत बसले, गोठ्यात नेलं असतं तर पोरांना लगेच कळलं असतं. बादली आणि लाथ, अगदी नेमकं.

पान्ह्याचं माझं मत असं: पान्हा म्हशीच्या मर्जीवर नाही. बादलीचा आवाज, वासरू, पेंडीची पाटी, ओळखीचा हात, या खुणा मिळाल्या की मेंदूकडून ऑक्सिटोसिन सुटतं आणि दूध खाली येतं. पेंड नसली म्हणजे रोजच्या खुणांतली एक मोठी खूण गळाली. त्यात ती बावरली असेल तर उलटच परिणाम, घाबरलेल्या जनावराचा पान्हा अडतो. तिला आपण चोर म्हणतो, पण ती चोरत नाही.

कोरेगावकर
तुम्ही म्हणताय तर असंल. पण माझी एक म्हैस हाय, ती मला सोडते आणि माझ्या भावाला चोरते. पेंड दोघं सारखीच घालतो. ती चोरच हाय.

वहीवाली आई
प्रयोगवही मॅडम, तुमच्या दोन प्रश्नांनी मला जरा घाम फुटला.

पोटात दुखलं की मी वही बंद करते आणि ओवा देते. दहा मिनिटांत तो खाली खेळायला जातो. उद्या करू म्हणते.

चपातीचं: आधी शिट्टीनंतर द्यायचे, पण तो कॉटखाली काही खायचाच नाही. म्हणून गेले दहा-बारा दिवस कुकर लावायच्या आधीच देते, म्हटलं पोट भरलेलं असलं की शांत राहील. आता तो चपाती बघितली की आधी कुकरकडं बघतो आणि मग कॉटखाली जातो. दूध-चपाती तशीच पडून राहते.

प्रयोगवही
चपातीचा अनुभव लिहिलात ते फार बरं झालं. हे वाचून कोणाला सांगावंच लागत नाही.

पावलॉवच्या पद्धतीत क्रम हाच सगळा जीव आहे. जे आधी येतं ते नंतरच्याची बातमी देतं. शिट्टी आधी, चपाती नंतर, असं झालं तर शिट्टी म्हणजे चपातीची बातमी. तुम्ही उलटं केलंत, म्हणून चपाती ही शिट्टीची बातमी झाली आणि बिचारं आवडतं खाणंही भीतीच्या यादीत गेलं. म्हणून काही दिवस दूध-चपाती बाजूला ठेवा. नवं काहीतरी घ्या, उकडलेल्या चिकनचे करंगळीच्या नखाएवढे तुकडे किंवा उकडलेलं अंडं. ते फक्त या कामासाठी, एरवी मिळता कामा नये. शिट्टी नसतानाही ते मिळत राहिलं तर शिट्टीने कसली बातमी दिली? नुसत्या जोडीने भागत नाही. ही खूण असली तरच येतं, नसली तर येत नाही, असं असावं लागतं. हे रेस्कोर्लाने साठच्या दशकात दाखवलं.

दुसरी गोष्ट आवाजाची. खरी शिट्टी त्याला झेपत नाही. कॉटखाली कुत्रं खात नाही याचा अर्थ हट्ट नव्हे, भीती इतकी आहे की भूक मेली. म्हणून शिट्टी मोबाईलवर रेकॉर्ड करा. हॉलमध्ये, ज्या खोलीत तो आरामात असतो तिथं, इतक्या बारीक आवाजात लावा की त्याचा फक्त कान हलेल, उठणार नाही. शिट्टी दोन सेकंद, आणि लगेच तुकडा. त्याने काहीही केलं तरी तुकडा. बस म्हणायचं नाही, पंजा मागायचा नाही. एका वेळी पाच-सहा वेळा, मध्ये अनियमित अंतर, मग बंद. नाहीतर तो शिट्टीऐवजी घड्याळ शिकेल.

आवाज कधी वाढवायचा? दिवस मोजून नाही. शिट्टी झाली की त्याची मान झटकन तुमच्या हाताकडं वळायला लागली की एक पायरी वर. कान मागे गेले, जीभ ओठांवरून फिरायला लागली किंवा तुकडा घेतला नाही, तर तुम्ही घाई केलीत, दोन पायऱ्या खाली. आणि या काळात खरा कुकर त्याच्या कानावर पडता कामा नये. रोज संध्याकाळी खरी शिट्टी ऐकून तो कॉटखाली गेला तर दुपारचं सगळं काम पाण्यात. त्या वेळी कोणीतरी त्याला फिरायला न्या किंवा डाळ-भात दुपारीच लावा.

ही युक्ती नवी नाही. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या एका लहान मुलावर केली होती. मूल आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांबून, दररोज थोडा थोडा जवळ. घाई केली तर मूल सशाला आवडतं मानण्याऐवजी खाण्यालाच भ्यायला लागेल, ही भीती तिथंही होती. तुमच्या चपातीचं तेच झालं.

निवांत भडंग
बरं, पण व्हॉल्व्ह एकदाच उडाला. त्यानंतर शेकडो शिट्ट्या झाल्या, काही झालं नाही. मांस बंद केल्यावर पावलॉवच्या कुत्र्याची लाळ आटते ना? मग याची भीती आपोआप का आटत नाही?

प्रयोगवही
कारण तो कॉटखाली पळतो. पळाला की आवाज बारीक होतो, जीव शांत होतो. "पळालो म्हणून वाचलो" हा धडा रोज गिरवला जातो, आणि शिट्टीनंतर काहीच होत नाही हे कळण्याइतका तो तिथं थांबतच नाही. म्हणजे भीती पावलॉवची आणि पळणं थॉर्नडाइकचं, दोन्ही एकमेकांना धरून. 1947 मध्ये मॉवररने अशीच मांडणी केली. तिच्यातही पुढे बऱ्याच अडचणी निघाल्या, पण घरच्या कामाला ती पुरते.

आणि ताई, आता मुलाकडं बघा. वही म्हणजे शिट्टी. पोटदुखी म्हणजे कॉट.

सरळव्याज
मी प्राथमिक शाळेत शिकवतो. हे सगळं वाचलं, छान आहे. पण कोणी विचारलंच नाही की पोराला ते गणित येतं का? तिसरीत हातच्याची वजाबाकी असते. अर्ध्या मुलांचं घोडं तिथंच अडतं. ज्याला 52 मधून 27 जात नाहीत, त्याला रोज संध्याकाळी एक पान वजाबाक्या द्यायच्या, आणि रडला की पावलॉव, थॉर्नडाइक! आधी ती वही बघा.

वहीवाली आई
सरळव्याज सर, वही बघितली. तुम्ही म्हणता तसंच आहे. 48 मधून 23 बरोबर. 52 मधून 27 केले तर 35 लिहितो, म्हणजे दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढतो. दर वेळी तेच. आणि आता विचारल्यावर त्यानं सांगितलं की फळ्यापाशी उभं करून एकदा हीच वजाबाकी करायला लावली होती, तो अडकला, वर्ग हसला. दिवाळीच्या आधीची गोष्ट. मला आज कळतेय.

मॅडमनी विचारल्यावर एक आठवडा मी मागच्या पानावर लिहून ठेवलं: आधी काय झालं, त्याने काय केलं, लगेच नंतर काय झालं. सहा दिवसांत चार वेळा पोटात दुखलं, चारही वेळा गणिताची वही काढल्यावर दोन-तीन मिनिटांत. मराठीच्या वहीला एकदाही नाही. रविवारी आत्याकडं मिरजेला होतो, वही नव्हती, भेळ खाऊनही पोट ठणठणीत. आणि चारही वेळा "लगेच नंतर"च्या रकान्यात मी एकच लिहिलंय: वही बंद.

तो नाटक करतो का मग? सासरे म्हणतात नाटक.

प्रयोगवही
नाटक हा शब्द नको. फळ्यापाशी जे झालं त्याने ती वही दिसली की पोटात खरंच गोळा येतो, तो त्याच्या हातात नाही. त्या गोळ्याचं बोलून दाखवणं आणि त्यावर रडणं, हे मात्र वही बंद होण्यावर पोसलं गेलं. दुखणं खरं आणि सुटकाही खरी. एवढं घरात नीट सांगा.

आणि तुमचं चॉकलेट का चाललं नाही तेही तुमच्याच नोंदीत आहे. समजा चॉकलेटने त्याला आनंद झाला. पण वही बंद होण्यातला आराम त्याहून मोठा आणि लगेच मिळणारा आहे. शिवाय तुम्ही चॉकलेट "पान पूर्ण" होण्याला बांधलंत, बरोबर येण्याला नाही. तो आठवडाभर "झकास" होता तेव्हाचं पान काढून बघा, वजाबाक्या भराभर आणि सगळ्या उलट्या असतील.

आता करायचं ते. पहिलं, जी मोठी लाच आहे तीच तुम्ही वापरा. सुटका. पण ती रडण्यावर द्यायची नाही, कामावर द्यायची. तीन गणितं, त्यातली दोन हमखास येणारी, एक नवं आणि तेही सरळव्याज सर सांगतील त्या पद्धतीने काड्यांचे गठ्ठे घेऊन. तीन झाली की वही बंद, मग डोळ्यांत पाणी असो वा नसो. जास्त करून घ्यायचा मोह आवरा. दुसरं, "आई, थोडं थांबूया का" असं तोंडाने म्हणाला तर लगेच दोन मिनिटं थांबा. त्याला थांबायचा सरळ रस्ता मिळाला की पोटदुखीच्या वाटेने जायची गरज कमी होते. तिसरं, वही निघते ती जागा आणि वेळ बदला, सुरुवात त्याच्या आवडीच्या एखाद्या कोड्याने. इथं आपण टिप्याचंच करतोय, वहीनंतर चांगलं काहीतरी.

एक इशारा. रडण्यावर चॉकलेट बंद केलंत की पहिले काही दिवस तो आजवर रडला नसेल इतका रडेल. तेव्हा चौथ्या दिवशी हार मानून दिलंत तर तुम्ही त्याला "चार दिवस जोरात रडलं की मिळतं" हे शिकवलं. शेजारच्या आजींना आधीच सांगून ठेवा.

बीए दुसरं वर्ष
पण मॅडम, बक्षिसाने मुलांची गोडी जाते ना? 1973 चा स्केचपेनचा प्रयोग आहे आमच्या नोट्समध्ये. मग बक्षीस मुळातच नको ना?

प्रयोगवही
तुमच्या नोट्समध्ये अर्धीच गोष्ट आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी मुद्दाम अशी बालवाडीची मुलं निवडली ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला आधीच आवडायचं. ज्यांना "चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र" असं आधी सांगितलं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना न सांगता अचानक प्रशस्तिपत्र मिळालं, त्यांची गोडी गेली नाही. आता सांगा, ताईंच्या मुलाला वजाबाकीची गोडी आहे का, जी जाईल?

चित्रकलेच्या वहीला मात्र चॉकलेट लावू नका, ताई.

सरळव्याज
काड्यांबद्दल: दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून. 52 म्हणजे पाच गठ्ठे, दोन सुट्या. सात द्यायच्या तर रबर काढावंच लागतं, ते त्याच्या हाताने काढू दे. आठवडाभर वहीत लिहायचंच नाही. मॅडमचं बाकी मान्य आहे, पण माझा अनुभव असा की येऊ लागलं की अर्धं रडणं त्यानेच जातं, बक्षीस लागत नाही.

प्रयोगवही
अर्धं जातं, मान्य. उरलेल्या अर्ध्यावर आपलं एकमत होणार नाही. बरोबर उत्तर येणं हेच बक्षीस होतं असं मी म्हणेन.

आणि कोरेगावकर काकांसाठी एक कबुली, कारण ती दडवणं बरोबर नाही. नियम उलटा करून बघायची जी परीक्षा मी वर सांगितली, तिच्या विरोधातही पुरावा आहे. 1967 मध्ये मिलर आणि कार्मोना यांनी तहानलेल्या कुत्र्यांना लाळ जास्त आल्यावर पाणी दिलं, दुसऱ्या गटाला लाळ कमी आल्यावर दिलं. लाळ त्याप्रमाणे वाढली आणि घटली. म्हणजे "लाळ कधीच कमाई होऊ शकत नाही" असं छातीठोक म्हणता येत नाही. तेव्हा तुमची म्हैस भावाला चोरत असेल, तर मी पूर्ण नाकारणार नाही.

कोरेगावकर
बघा. मी म्हणत हुतोच.

वहीवाली आई
तीन आठवड्यांनी लिहितेय.

मुलगा: पहिले पाच दिवस फार वाईट गेले. तिसऱ्या दिवशी आजींनीच दार वाजवलं, मारताय का म्हणून. मी चॉकलेट दिलं नाही. सहाव्या दिवसापासून रडणं उतरलं. काड्या त्याला आवडतात, रबर तोडून ठेवतो ते वेगळं. गेल्या आठवड्यात पोटात एकदाच दुखलं, ते मी तीनऐवजी पाच गणितं करून घेतली त्या दिवशी. "थोडं थांबूया" दिवसातून चार वेळा म्हणतो, ते जरा जास्तच होतंय. शाळेत फळ्यापाशी अजून जात नाही.

टिप्या: हॉलमध्ये मोबाईलची शिट्टी पूर्ण आवाजात लावली तरी मान माझ्या हाताकडं. पण पहिल्यांदा खरा कुकर लावला तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून परत कॉटखाली. मी रडकुंडीला आले.

प्रयोगवही
रडू नका. हॉलमध्ये शिकलेलं हॉलमध्येच लागू होतं. भीती कोणत्याही खोलीत जाते, पण "आता भ्यायचं कारण नाही" हा धडा जिथं शिकला तिथंच चिकटतो. आता तेच स्वयंपाकघरात, पुन्हा बारीक आवाजापासून. या वेळी लवकर होईल. आणि मध्ये काही दिवस काहीच केलं नाही तर भीती थोडी परतेल, तीही पावलॉवनेच पाहिलेली गोष्ट आहे, लाळ आटवून विश्रांती दिली की पुन्हा थोडी यायची. दिवाळीच्या फटाक्यांनंतर तर हमखास.

वहीवाली आई
झालं एकदाचं! काल खऱ्या शिट्टीला टिप्या स्वयंपाकघरात आला. म्हणजे पळत आला. आणि सासऱ्यांच्या खुर्चीपाशी बसून त्यांच्या ताटाकडं बघत राहिला, तोंडातून लाळेची तार. त्यांनी चपातीचा तुकडा टाकला. आज दोन्ही शिट्ट्यांना तेच. आता हे कोणत्या जातीचं?

प्रयोगवही
परीक्षा माहीत आहे तुम्हाला. खुर्चीपाशी बसला तर तुकडा नाही, दाराबाहेर बसला तरच तुकडा. आठवडाभरात दाराबाहेर बसायला लागला तर बसणं थॉर्नडाइकचं. लाळ मात्र दाराबाहेरही गळेल.

वहीवाली आई
ते ठीक आहे हो. पण तुकडा टाकणं बंद करा हे सासऱ्यांना कोण सांगणार?